हॉलमध्ये आजी आणि सहा वर्षांची नात : सिनेमा लावण्याआधी काय तपासायचं आणि कसं

ठाण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये टीव्ही एकच असतो आणि तो हॉलमध्ये असतो. त्याच हॉलमध्ये आजीचा दिवाण असतो, तिथेच मुलांचा अभ्यास चालतो आणि शनिवारी पाहुणे आले की त्यांच्या गाद्याही तिथेच पडतात. त्यामुळे ‘ज्याला बघायचं नसेल त्याने उठून आत जावं’ हे म्हणायला सोपं असलं तरी जमत नाही. आत जायला जागा नसते, आणि असली तरी आवाज पोचतोच. म्हणून सिनेमा लावण्याआधी तो या खोलीतल्या सगळ्यांसाठी ठीक आहे का, हे घरातल्या एकाने आदल्या दिवशीच बघून ठेवावं लागतं. आमच्या नौपाड्यातल्या घरात हे काम मी करते. ते कसं करते, कुठली माहिती कुठे मिळते आणि ती कुठे अपुरी पडते, हे इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी माणसं, मग सिनेमा

बहुतेक जण सुरुवात सिनेमापासून करतात. रेटिंग बघतात, ट्रेलर बघतात आणि ‘चालेल’ म्हणतात. पण रेटिंगला तुमच्या घरात कोण बसलंय ते माहीत नसतं. म्हणून पहिली पायरी सिनेमाला हात न लावता करायची. त्या दिवशी हॉलमध्ये कोण कोण असणार, आणि त्यातल्या प्रत्येकाला नेमकं काय झेपणार नाही, याची मनात यादी करायची. माणशी दोन किंवा तीन गोष्टी पुरतात, पण त्या ठोस हव्यात. ‘हिंसा नको’ हे फार ढोबळ झालं. ‘कुत्रा अंगावर धावून येतो असं नको’ हे तपासता येतं.

आमच्या घरची यादी सांगते. मुलगी सहा वर्षांची आहे. तिला मारामारीचं फारसं काही वाटत नाही, पण मूल आई-बाबांपासून हरवलं की ती हादरते. सोसायटीच्या गेटवर एकदा कुत्र्यांचं टोळकं मागे लागल्यापासून भुंकण्याच्या आवाजालाही घाबरते. सासूबाईंच्या बाबतीत वेगळं आहे. सासरे शेवटी बरेच दिवस आयसीयूत होते, त्यामुळे हॉस्पिटलचा पलंग, मॉनिटरचा आवाज आणि नवरा-बायकोतलं एक जण मागे राहणं, हे त्यांना जड जातं. शिवाय शनिवार-रविवारी जवळच्या नात्यातली एक जण येते. तिचं बाळ पोटातच गेलं होतं, आणि घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक नाही.

या शेवटच्या कारणासाठीच ही यादी मनात ठेवायची. फ्रिजवर चिकटवायची नाही आणि फॅमिली ग्रुपवरही टाकायची नाही. ‘तुझ्यामुळे हा सिनेमा नको’ असं चारचौघांत ऐकावं लागणं हे सिनेमा बघण्याइतकंच त्रासाचं होतं.

मुलांच्या वयाचा एक फरक इथे कामाला येतो. साधारण सात वर्षांखालची मुलं जे दिसतं आणि ऐकू येतं त्याला घाबरतात, म्हणजे विद्रूप चेहरा, अचानक मोठा आवाज, माणसाचं राक्षसात रूपांतर. ‘हे खोटं आहे’ असं सांगून त्यांची भीती फारशी कमी होत नाही. आठ-नऊ वर्षांनंतर उलट होतं. राक्षस चालतो, पण खरंच घडू शकेल असं काही, जसं अपघात, घरात शिरलेला चोर, आईचं आजारपण, ते मनात रुतून बसतं. घरात दोन वयांची मुलं असतील तर दोघांसाठी वेगवेगळं तपासायला हवं.

प्रमाणपत्र काय सांगतं

थिएटरमध्ये लागणाऱ्या सिनेमाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ प्रमाणपत्र देतं. पूर्वी U, UA आणि A एवढेच मुख्य वर्ग होते. २०२३ च्या कायदा-दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर UA चे तीन भाग झाले : `UA 7+`, `UA 13+` आणि `UA 16+`. यातला ‘UA’ नीट समजून घ्यायला हवा. तो पालकांना दिलेला सल्ला आहे, बंदी नाही. `UA 16+` च्या सिनेमाला सहा वर्षांचं मूल घेऊन गेलात तर तुम्हाला कुणी अडवणार नाही, कारण निर्णय तुमच्यावर सोडलेला आहे. `A` चं तसं नाही. तिथे अठरा वर्षांखालच्या कुणालाही प्रवेश नाही, मग सोबत आई-वडील असले तरी.

ओटीटीवरचं रेटिंग वेगळ्या वाटेने येतं. २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनुसार ते त्या प्लॅटफॉर्मने स्वतः द्यायचं असतं. वर्ग मात्र तसेच दिसतात : `U`, `U/A 7+`, `U/A 13+`, `U/A 16+`, `A`. म्हणजे एकाच सिनेमाला थिएटरमध्ये एक आणि मोबाइलवर दुसरं रेटिंग असू शकतं. त्यात चूक काही नाही. देणारे दोन आहेत, आणि कधी कधी सिनेमाची आवृत्तीही वेगळी असते. थिएटरमध्ये कापलेला प्रसंग ओटीटीवर परत आलेला असू शकतो. म्हणून ‘आम्ही थिएटरमध्ये बघितलाय, काही नाही त्यात’ हा भरवसा पुरेसा नाही.

याच नियमांनी रेटिंगसोबत वर्णनाची ओळ देणंही बंधनकारक केलं आहे, आणि खरी कामाची गोष्ट तीच आहे. सिनेमा सुरू झाला की वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत violence, language, substances असे शब्द येतात आणि काही सेकंदांत जातात. रिमोट हातात घेईपर्यंत ते गेलेलेही असतात. त्यामुळे ही ओळ सिनेमाच्या माहितीच्या पानावर आधीच वाचावी. language म्हणजे शिवीगाळ. substances म्हणजे दारू, तंबाखू, अमली पदार्थ. threat किंवा fear लिहिलेलं असेल तर लहान मुलांसाठी पुढे खोलात तपासायलाच हवं, कारण त्यात अंधारात मागे लागणारा माणूसही येतो आणि हरवलेलं मूलही.

सिनेमाच्या सुरुवातीला येणारी तंबाखूविरोधी सूचना किंवा ‘प्राण्यांना इजा झालेली नाही’ ही पाटी यांचा आपल्या तपासणीशी संबंध नाही. त्या कायद्याने येतात. शेवटी घोडा मरतो की नाही, हे त्या पाटीवरून कळत नाही.

रेटिंग कुठे थांबतं : ‘अप’चं उदाहरण

पिक्सारचा ‘अप’ हा २००९ चा अ‍ॅनिमेशनपट घ्या. असंख्य फुग्यांना बांधलेलं घर, म्हातारे आजोबा आणि एक गोलमटोल मुलगा, असं पोस्टर बघून कुणीही म्हणेल की आजी-नातवंडांनी मिळून बघावा असाच हा सिनेमा आहे. अमेरिकेत त्याला PG, म्हणजे पालकांचं मार्गदर्शन असावं असं रेटिंग मिळालं, आणि कारण लिहिलं होतं ‘some peril and action’. म्हणजे थोडे धोक्याचे प्रसंग, थोडी धावपळ.

आता आमच्या घरची यादी त्याच्या शेजारी ठेवू. सिनेमाच्या सुरुवातीला, साधारण पहिल्या दहा-बारा मिनिटांत, एका जोडप्याचं अख्खं आयुष्य येतं. लग्न होतं, बाळासाठी खोली रंगवतात आणि पुढच्याच दृश्यात डॉक्टरांच्या खोलीत बायको तोंड झाकून रडत असते. मग वर्षं सरतात, ती आजारी पडते, हॉस्पिटलच्या पलंगावर दिसते, आणि त्यानंतर नवरा एकटाच घरी परततो. हा सगळा भाग जवळपास शब्दांविना आहे, त्यामुळे डबिंग बदलून किंवा आवाज कमी करून तो सौम्य होत नाही. थोड्या वेळाने त्याच म्हाताऱ्याला त्याचं घर सोडायला लावून वृद्धाश्रमात न्यायला माणसं येतात. पुढे कुत्र्यांची टोळी आहे. ती बोलते म्हणून विनोदी वाटते, पण दात विचकून पाठलागही करते.

हॉस्पिटल, मागे राहिलेला जोडीदार, न झालेलं बाळ, कुत्रे. आमच्या यादीतलं जवळजवळ सगळं यात आहे, आणि रेटिंगच्या त्या एका ओळीत त्यातलं फार तर कुत्र्यांचं सूचन आहे. रेटिंग देणाऱ्यांनी काही लपवलेलं नाही. त्यांनी ‘या वयाच्या मुलाला हे चालेल का’ या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि ते बरोबर दिलं. ‘ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलंय त्यांना हे झेपेल का’ हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नव्हता. शोक, आजारपण, म्हातारपणाची असहायता यांच्यासाठी वयाच्या पट्टीवर खूण नसते. त्यासाठी पुढच्या पायऱ्या.

तीन जागा, तीन वेगळे उपयोग

पहिली जागा आयएमडीबी, ही सिनेमांच्या माहितीची वेबसाइट. सिनेमाच्या पानावर खाली `Storyline` या भागात `Parents guide` अशी ओळ असते. तिथे पाच कप्पे असतात : लैंगिक दृश्यं, हिंसा, शिवीगाळ, दारू-तंबाखू-ड्रग्ज आणि `Frightening & Intense Scenes`. प्रत्येकाला बघणाऱ्यांनी मतं देऊन none, mild, moderate, severe असा दर्जा दिलेला असतो. आपल्या कामासाठी सरळ पाचव्या कप्प्यात जायचं आणि दर्जा सोडून खालच्या नोंदी वाचायच्या. mild हा शब्द कुणाच्या मोजपट्टीने लिहिलाय ते कळत नाही, पण ‘बायको हॉस्पिटलमध्ये मरते’ ही नोंद कळते. शेवट फोडणाऱ्या नोंदी कधी झाकलेल्या असतात, त्याही उघडून वाचाव्यात. घरच्यांसाठी तपासणाऱ्याने शेवट कळण्याची पर्वा करू नये.

इथे दोन फसगती होतात. `Parents guide` ऐवजी `Add content advisory` असं दिसलं तर त्याचा अर्थ ‘आक्षेपार्ह काही नाही’ असा नाही. त्या सिनेमाबद्दल अजून कुणीच काही लिहिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. मराठी सिनेमांच्या बाबतीत हे नेहमी दिसतं. दुसरं म्हणजे, लिहिणारे बरेचसे परदेशी प्रेक्षक असतात. ते चुंबनं आणि इंग्रजी शिव्या बारकाईने मोजतात. पण सुनेचा छळ, हुंडा, जातीवरून केलेला अपमान, कर्जापायी शेतकऱ्याने घेतलेला गळफास, हे त्यांच्या कप्प्यांत धड बसत नाही. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना सर्वांत जास्त लागतं ते नेमकं हेच.

दुसरी जागा ब्रिटनच्या प्रमाणन संस्थेची, `bbfc.co.uk`. ही आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही, आणि मला ती सगळ्यांत उपयोगी वाटते. हिंदी, तमिळ, तेलुगू आणि काही मराठी सिनेमेही ब्रिटनमध्ये प्रदर्शित होतात. तिथे लावायचे तर या संस्थेकडून वर्गीकरण घ्यावं लागतं, आणि ते करताना धमकी, हिंसा, शिवीगाळ, भेदभाव, आत्महत्या अशा मुद्द्यांवर छोटं टिपणही दिलं जातं. ते सिनेमा बघून पगारी माणसांनी लिहिलेलं असतं, त्यामुळे मतदानाची वाट बघावी लागत नाही. नवा हिंदी सिनेमा शुक्रवारी लागला की त्याच सुमाराला हे टिपण वाचायला मिळू शकतं. तिथलं रेटिंग आणि आपलं रेटिंग जुळतंय का हे बघत बसू नका, नुसतं टिपण वाचा.

तिसरी जागा `doesthedogdie.com`. नाव कुत्र्याचं असलं तरी आता तिथे शेकडो नेमके प्रश्न आहेत. आई किंवा बाबा मरतात का, गर्भपात होतो का, डोळ्याला इजा दाखवली आहे का, चमकणारे दिवे आहेत का. प्रत्येक प्रश्नाला प्रेक्षकांनी हो किंवा नाही असं मत दिलेलं असतं आणि खाली एखादी ओळ असते. तुमची घरची यादी नेमकी असेल तर ही जागा तिला चपखल बसते. मतं मोजकीच असतील तर मात्र त्यांवर विसंबू नये. इंग्रजी सिनेमांची माहिती इथे भरगच्च आहे, मराठीची अगदी तुटपुंजी.

चमकणाऱ्या दिव्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. घरात कुणाला फिट येत असतील तर हा मुद्दा यादीत सर्वांत वर ठेवा, कारण तो मन जड होण्यापुरता नसतो, शरीराला धोका असतो. २०१८ मध्ये ‘इन्क्रेडिबल्स २’ हा लहान मुलांचा सिनेमा लागला तेव्हा त्यातल्या लखलखणाऱ्या दृश्यांमुळे अमेरिकेतल्या थिएटरांनी बाहेर सूचना लावल्या होत्या. वयाच्या रेटिंगमधून ही गोष्ट कळली नसती.

मराठी सिनेमाबद्दल कुठेच काही लिहिलेलं नसतं तेव्हा

आजी घरात असली की सिनेमा बहुधा मराठी लावला जातो, आणि नेमकी तिथेच वरच्या तिन्ही जागा रिकाम्या निघतात. अशा वेळी काय करायचं ते ‘श्वास’ घेऊन दाखवते. २००४ चा हा सिनेमा त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला होता. आजोबा आणि लहान नातू यांची गोष्ट असल्यामुळे ‘आजी-नातवंडांसाठी’ म्हणून तो सहज सुचतो.

आधी विकिपीडियावरचं कथानक शेवटपर्यंत वाचायचं. ट्रेलर आणि ओटीटीवरच्या दोन ओळी शेवट सांगत नाहीत, विकिपीडिया सांगतो. ‘श्वास’ची गोष्ट अशी : कोकणातले आजोबा नातवाला डोळ्यांच्या तपासणीसाठी शहरात आणतात. मुलाला डोळ्यांचा कॅन्सर निघतो, आणि जीव वाचवायचा तर दृष्टी कायमची जाणार असते. शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलमधून बाहेर पडतात, त्याला डोळे आहेत तोवर जग दाखवायला. यात मारामारी नाही, शिवीगाळ नाही, लैंगिक काही नाही. वयाच्या पट्टीवर हा सिनेमा कुठेच अडणार नाही. पण त्याचा बराचसा भाग हॉस्पिटलमध्ये घडतो, आणि सगळी गोष्ट आपल्या माणसासाठी कठीण निर्णय घेणाऱ्या एका वृद्धाची आहे.

कथानक वाचून ‘काय होतं’ ते कळतं, पण ‘किती वेळ, किती जवळून, कुठल्या आवाजात’ हे कळत नाही. त्यासाठी दुसरी पायरी म्हणजे बघितलेल्या माणसाला विचारणं. आणि विचारताना ‘चांगला आहे का? मुलांना चालेल का?’ असं विचारू नका. याचं उत्तर नेहमी ‘हो, छान आहे, सगळ्यांनी बघावा’ असंच येतं. सोसायटीच्या ग्रुपवर किंवा मैत्रिणीला असं विचारा : ‘यात कुणी मरतं का, आणि पडद्यावर मरताना दाखवलंय का? हॉस्पिटलची दृश्यं किती आहेत? ऑपरेशन दाखवलंय का? मूल एकटं पडतं का? आई-बाबांची मोठ्या आवाजातली भांडणं आहेत का?’ असं विचारलं की लोक थांबून आठवतात आणि खरं सांगतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी एका कौटुंबिक विनोदी सिनेमाबद्दल मला सांगितलं होतं, ‘बाकी मजेशीर आहे गं, पण मध्यंतरानंतर वडिलांना अटॅक येतो, आणि अँब्युलन्सचा आवाज खूप वेळ आहे.’ कुठल्याही वेबसाइटवर हे मिळालं नसतं.

तिसरी पायरी स्वतः चाळून बघायची. अख्खा सिनेमा बघायला वेळ नसतो, आणि त्याची गरजही नाही. मुलं झोपल्यावर फोनवर हेडफोन लावून बसते. पहिली दहा-पंधरा मिनिटं सलग बघते, कारण बरेच सिनेमे मुख्य धक्का तिथेच देतात. मग मध्यंतराच्या आजूबाजूची दहा मिनिटं आणि शेवटची पंचवीस. मधला भाग दहा-दहा सेकंद पुढे ढकलत, सबटायटल चालू ठेवून. पांढऱ्या भिंती, हिरवे पडदे, रात्रीचा रस्ता, पाऊस, रडणारा चेहरा दिसला की थांबून तेवढा प्रसंग पूर्ण आणि आवाजासकट बघायचा. आवाज बंद करून चाळणं ही मोठी चूक ठरते, कारण लहान मूल चित्रापेक्षा पार्श्वसंगीताने आधी घाबरतं, आणि मॉनिटरची टिकटिक तर नुसती ऐकूनच जड होते. दोन तासांच्या सिनेमाला असा सुमारे एक ते सव्वा तास लागतो.

शंका वाटलेल्या प्रसंगांच्या वेळा लिहून ठेवायच्या, कुठून कुठपर्यंत ते. पण ज्या अ‍ॅपवर चाळलं त्याच अ‍ॅपवर सिनेमा लावायचा. टीव्ही वाहिनीवर तोच सिनेमा कापून आणि जाहिरातींसह येतो, यूट्यूबवरची प्रत कुठून आलेली असते सांगता येत नाही, आणि वेळा जुळत नाहीत. जुने मराठी सिनेमे यूट्यूबवर लावले जातात तेव्हा आणखी एक अडचण येते. तिथे वर्णनाची ओळ नसते, आणि मध्येच भुताच्या सिनेमाची जाहिरात येऊ शकते. लहान मूल समोर असेल तर तोच सिनेमा दुसऱ्या अ‍ॅपवर आहे का ते आधी शोधावं.

ठरवायचं कुणी

तपासणी झाली की निर्णय तीनपैकी एक असतो : लावायचा, आधी सांगून लावायचा, किंवा आत्ता नको. मुलांसाठी निर्णय आपण घेतो. मोठ्यांसाठी आपण फक्त माहिती द्यायची, असं माझं ठाम मत आहे. सासूबाईंच्या वतीने ‘त्यांना नाही झेपणार’ असं मी ठरवणं योग्य नाही. मी त्यांना दुपारी स्वयंपाकघरात, दोघीच असताना सांगते : ‘आई, रात्री ‘अप’ लावायचा विचार आहे. सुरुवातीला त्या म्हाताऱ्याची बायको हॉस्पिटलमध्ये जाते, असं दाखवलंय. पहिल्या दहा-बारा मिनिटांत संपतं, पुढे मजेशीर आहे. बघायचा, की तो भाग झाल्यावर तुम्हाला हाक मारू?’

यावर उत्तर काहीही येऊ शकतं. शोकात असलेल्या काही माणसांना असं दृश्य बघून बरं वाटतं, कारण त्यांच्या मनातलं कुणीतरी पडद्यावर आणलेलं असतं. काहींना ते अजिबात नको असतं. त्याच माणसाचं उत्तर सहा महिन्यांनी बदलतंही. म्हणून दर वेळी विचारायचं, जुनं उत्तर गृहीत धरायचं नाही. ‘अप’ला सासूबाई म्हणाल्या, ‘तो भाग झाला की बोलाव, तोवर मी भाजी निवडते.’ ‘श्वास’ त्यांनी थांबवायला सांगितला. ‘चांगला असेल गं, पण आत्ता नको.’ माझ्या दृष्टीने तो मुलीसाठीही योग्य नव्हता. तिला नुकताच चष्मा लागला होता, आणि त्या दिवसांत डोळ्यांच्या ऑपरेशनची गोष्ट म्हणजे रात्रीच्या झोपेला सुट्टी.

जिचं दुःख घरात सगळ्यांना माहीत नाही, तिच्याशी मी समोरासमोर बोलत नाही, साधा मेसेज करते : ‘आज ‘अप’ लावतोय. सुरुवातीला बाळाबद्दलचा एक छोटा प्रसंग आहे, साधारण पाच-दहा मिनिटांत येतो. तू आठनंतर आलीस तरी चालेल.’ बाळाबद्दल म्हणजे काय, हे तिला कळतं आणि इतरांना काही कळत नाही.

प्रसंग सोडून पुढे जायचं ठरलं असेल तर रिमोट एकाच माणसाच्या हातात ठेवा. लहान मुलांसमोर ‘डोळे मिट, डोळे मिट’ असं ओरडू नका, त्याने भीती वाढते. सरळ पुढे ढकलायचं आणि एका वाक्यात सांगायचं की मध्ये काय झालं. मुलगी घाबरली आहे हे बहुतेक वेळा तिच्या रडण्यावरून कळत नाही. ती गप्प होते, कानांवर हात ठेवते, एकच प्रश्न परत परत विचारते, किंवा अचानक तिला पाणी हवं असतं. त्या क्षणी सिनेमा थांबवून जवळ घ्यायचं. ‘अगं, खोटं आहे ते’ हे या वयात नंतर, आणि कमीच.

टीव्ही स्वतःहून काय दाखवतो

सिनेमा तपासून झाला तरी अ‍ॅप उघडल्या उघडल्या समोर येणारे ट्रेलर राहतातच. मुख्य पानावर दोन सेकंद थांबलं की एखाद्या खुनाच्या मालिकेचा तुकडा आपोआप वाजायला लागतो. नेटफ्लिक्सवर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये हे आपोआप चालणारे तुकडे बंद करता येतात. मुलांसाठी वेगळं प्रोफाइल आणि त्याला वयाची मर्यादा, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन, एवढं एकदा केलं की पुरतं. `U/A 13+` आणि त्यावरच्या सिनेमांसाठी असं कुलूप देणं २०२१ च्या नियमांनी प्लॅटफॉर्मना बंधनकारकच केलं आहे. हे कुलूप वय बघून अडवतं. ‘अप’ किंवा ‘श्वास’ त्याच्यातून सहज पार होतील, हे लक्षात असू द्या. शिवाय सिनेमा संपल्यावर ‘पुढचं’ म्हणून काय सुरू होतं, तेही एकदा बघून ठेवा.

थिएटर आणि नाट्यगृह

थिएटरमध्ये आदल्या रात्री चाळून बघणं शक्य नसतं, त्यामुळे तिथली पद्धत वेगळी. पहिल्या दिवशी न जाता तीन-चार दिवस थांबा, तोवर वर सांगितलेल्या जागांवर काहीतरी आलेलं असतं आणि ग्रुपवर बघून आलेली माणसंही असतात. तिकिटाच्या अ‍ॅपवर सिनेमाच्या नावाखाली `UA 13+` किंवा जे असेल ते लिहिलेलं असतं, ते पैसे भरण्याआधी वाचा. ट्रेलर तुमच्या हातात नसतात, म्हणून लहान मुलाला घेऊन दिलेल्या वेळेनंतर दहा मिनिटांनी आत गेलात तरी चालतं. खुर्ची रांगेच्या टोकाची घ्या. आजीसाठीही तीच बरी, कारण कुणाचे पाय न ओलांडता बाहेर पडता येतं. थिएटरमधला आवाज घरच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. घरी जो पाठलाग सहज झेपतो, त्यालाच मूल तिथे कान झाकून बसतं. मध्यंतरात हळूच विचारा, ‘पुढे बघायचं की भेळ खाऊन घरी जायचं?’ दोन्ही उत्तरं चालतील, हे तिला तुमच्या आवाजावरून कळलं पाहिजे.

गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहात नाटकाला जाताना वयाची अशी पट्टी तिकिटावर नसते. नाटकाची जाहिरात बहुधा विनोद किंवा कलाकार पुढे करते, विषय नाही. तिथे वृत्तपत्रातलं परीक्षण वाचणं आणि प्रयोग बघून आलेल्याला वरचेच नेमके प्रश्न विचारणं, एवढाच मार्ग उरतो. तिकीट खिडकीवर असाल तर नाट्यसंस्थेच्या व्यवस्थापकालाही विचारता येतं. मी विचारते, आणि बरेचदा ते थेट सांगतात : ‘आजी असतील तर दुसऱ्या अंकात एक मृत्यू आहे बघा.’